फोटोतला झोन मोजताना डिस्क हीच फूटपट्टी

अँटिबायोटिक डिस्कभोवती जिवाणू न वाढलेला जो स्वच्छ गोल दिसतो, त्याला प्रयोगशाळेत सगळे नुसतं ‘झोन’ म्हणतात. प्लेट हातात असेल तर व्हर्नियर कॅलिपर लावून तो अर्ध्या मिनिटात मोजून होतो. तोच झोन फोटोवरून मोजायला बसलं की नवख्या माणसाचा आकडा बहुतेक वेळा थोडा मोठा येतो. एखादा मिलिमीटरच, पण तेवढ्यानेही ‘मध्यम’ हा निकाल ‘संवेदनशील’ होऊन बसतो. तो मिलिमीटर कुठून येतो आणि तो कसा टाळायचा, हे इथे एका प्लेटवर करून दाखवतो.

प्लेट साधी आहे. ९० मिमीची म्युलर-हिंटन अगारची प्लेट, त्यावर ई. कोलाय आणि तीन डिस्क: ५ मायक्रोग्रॅमची सिप्रोफ्लॉक्सासिन, १० मायक्रोग्रॅमची जेंटामायसिन, १० मायक्रोग्रॅमची अँपिसिलिन. जिवाणूंचं द्रावण ०.५ मॅकफार्लंडच्या गढूळपणाचं, अगार ४ मिमी जाड, आणि ३५ अंश सेल्सिअसला १६ ते १८ तास उबवण. यातलं काही बिनसलं असेल तर फोटो कितीही नीट काढला तरी ते भरून निघत नाही. अगार पातळ पडला किंवा जिवाणू कमी पसरले तर झोन खरोखरच मोठे होतात. अगार जाड झाला तर लहान होतात. म्हणून मोजायला घेण्याआधी जिवाणूंचा थर बघा. तो सलग, साईसारखा पसरलेला हवा. सुट्या सुट्या वसाहती दिसत असतील तर द्रावण पातळ होतं. ती प्लेट मोजू नका, परत लावा.

फोटो

म्युलर-हिंटनची प्लेट मागून वाचायची असते, म्हणजे झाकण खाली आणि बूड वर. बुडाच्या प्लास्टिकमधून आणि पारदर्शक अगारमधून झोन दिसतो. फोटोलाही हेच सोयीचं: झाकण उघडावं लागत नाही, जिवंत जिवाणूंवर तोंड नेऊन वाकावं लागत नाही आणि झाकणावर साचलेली वाफ मध्ये येत नाही. खाली काळा, न चकाकणारा कागद किंवा कापड ठेवा. दिवा एका बाजूने तिरका लावा आणि फ्लॅश बंद ठेवा. काळ्यावर जिवाणूंचा थर राखाडी-पांढरा उठून दिसतो आणि झोन काळा राहतो.

फोन हातात धरू नका, स्टँडला लावा, आणि कॅमेरा प्लेटच्या बरोबर मध्यावर, सरळ खाली बघेल असा ठेवा. फोनमधली वाइड लेन्स वापरू नका. तिच्यात कडेच्या गोष्टी ताणल्या जातात. शक्य तितकं उंच जा आणि थोडा झूम घ्या. फोटो मेसेजमधून पाठवायचा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. नुसता फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि झोनची कड धूसर होते.

मागून फोटो काढण्यात एक खोच आहे आणि मी तिच्यात एकदा पुरता अडकलो आहे. डिस्कवर औषधाचं नाव फक्त वरच्या बाजूला छापलेलं असेल, तर मागून सगळ्या डिस्क कोऱ्या दिसतात. शिवाय क्रम आरशातल्यासारखा उलटा होतो. मी समोरून काढलेल्या टिपणावरून मागच्या फोटोवर नावं लिहिली आणि दोन औषधांची अदलाबदल करून बसलो. अँपिसिलिनला भलामोठा झोन आणि सिप्रोला काहीच नाही, असं चित्र दिसल्यावर वरिष्ठ बाईंनी फक्त विचारलं, “प्लेट उलटी केलीस ना?” तेव्हापासून डिस्क ठेवायच्या आधीच बुडावर मार्करने बारीक अक्षरात नावं लिहितो, झोनच्या बाहेर पडतील अशी, कडेजवळ.

स्केल

खरी गोम इथे आहे. फोटोत फक्त पिक्सेल असतात. एका मिलिमीटरात किती पिक्सेल बसतात हे कळायला फोटोत एखादी माहीत असलेली लांबी लागते. सगळ्यांना सुचतं ते म्हणजे प्लेटशेजारी टेबलावर फूटपट्टी ठेवणं. मीही तेच करायचो.

आपल्या प्लेटचा फोटो फोनची लेन्स टेबलापासून २५० मिमीवर ठेवून काढला आहे. प्लेट साधारण १५ मिमी उंच आहे आणि ती उलटी आहे. वरून बुडाचं प्लास्टिक, मग ४ मिमी अगार, आणि त्याच्या खालच्या अंगाला जिवाणूंचा थर. म्हणजे ज्या पातळीवर झोन आहे ती टेबलापासून सुमारे १० मिमी वर आहे. फूटपट्टी लेन्सपासून २५० मिमीवर आहे, झोन मात्र २४० वर. जवळची वस्तू मोठी दिसते. झोन फूटपट्टीच्या मानाने २५० भागिले २४०, म्हणजे सुमारे ४ टक्क्यांनी फुगलेला दिसणार.

आता आकडे घालू. फोटोत फूटपट्टीचे ५० मिमी मोजले तर १२०० पिक्सेल भरतात, म्हणजे दर मिलिमीटरला २४ पिक्सेल. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या झोनचा व्यास ६२५ पिक्सेल आहे. ६२५ भागिले २४ केले की २६ मिमी येतात. अमेरिकेतल्या सीएलएसआय या संस्थेच्या तक्त्यात ई. कोलायसारख्या जिवाणूंसाठी सिप्रोची रेषा अशी आहे: २६ किंवा जास्त असेल तर संवेदनशील, २२ ते २५ मध्यम, २१ किंवा कमी असेल तर प्रतिरोधक. आपण लिहिलं, संवेदनशील.

त्याच फोटोत तीन डिस्कही आहेत. या कागदी डिस्कचा व्यास ६ मिमी असतो आणि त्या अगारच्या पृष्ठभागावरच चिकटलेल्या असतात, म्हणजे बरोबर झोनच्याच पातळीवर. त्या मोजल्या तर १५१, १४९ आणि १५० पिक्सेल भरतात. सरासरी १५०. म्हणजे एका मिलिमीटरला २५ पिक्सेल, २४ नव्हे. या स्केलने सिप्रोचा झोन ६२५ भागिले २५, बरोबर २५ मिमी येतो. निकाल ‘मध्यम’. प्लेट तीच, फोटो तोच, झोनही तोच. बदलली ती फक्त पट्टी.

फूटपट्टीच्या स्केलने डिस्क मोजून बघितली असती तर चूक तिथेच उघडी पडली असती: १५० भागिले २४ म्हणजे ६.२५ मिमी. डिस्क वाढली नाही, स्केल खोटं होतं. म्हणून स्केल कुठूनही घ्या, पण पहिलं माप डिस्कचं घ्या. ते ६ च्या आसपास आलं नाही तर पुढे जाऊच नका.

डिस्क लहान आहे, ही तिची अडचण. १५० पिक्सेलांच्या मापात २ पिक्सेलांची चूक झाली तर ती सुमारे १.३ टक्के होते आणि २५ मिमीच्या झोनवर तिसरा हिस्सा मिलिमीटर पसरते. म्हणून एकाच डिस्कवर भिस्त ठेवू नका. सगळ्या डिस्क मोजा, प्रत्येक आडवी आणि उभी, आणि सरासरी घ्या. आडवं आणि उभं माप ठळकपणे वेगळं येत असेल तर कॅमेरा तिरका होता. फोटो पुन्हा काढा. आणि तुमच्या डिस्क खरंच ६ मिमीच्या आहेत ना, हे एकदा त्याच नळीतल्या एका डिस्कला कॅलिपर लावून पाहा. मोजलेली डिस्क मग टाकून द्यायची.

प्लेटच्या कडेचे ‘९० मिमी’ स्केल म्हणून घेऊ नका. ९० हा नावापुरता आकडा असतो, आणि झाकण व बूड यांच्या कडा वेगवेगळ्या उंचीवर असतात. कड उपयोगी पडते ती फक्त प्लेट गोल दिसते की लांबट, हे बघायला.

संगणकावर

यासाठी ImageJ हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. फोटो उघडा आणि रेघ ओढायचं टूल घेऊन एका डिस्कच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत मधोमध रेघ ओढा. भरपूर झूम करून ओढा. `Analyze > Measure` म्हटलं की लांबी पिक्सेलमध्ये येते. सगळ्या डिस्कची सरासरी काढली की `Analyze > Set Scale` उघडा. तिथे `Distance in pixels` मध्ये सरासरी, `Known distance` मध्ये `6` आणि `Unit of length` मध्ये `mm` लिहा. `Global` वर खूण करू नका. केली तर हेच स्केल पुढच्या फोटोलाही चिकटतं, आणि पुढच्या फोटोत फोन दोन बोटं वर-खाली झालेला असतो.

झोनचा व्यास एका रेघेने मोजू नका. नजर नेहमी सर्वात रुंद जागा शोधते आणि माप वाढतं. त्याऐवजी मल्टी-पॉइंट टूल घ्या आणि झोनच्या कडेवर सगळीकडून आठ-दहा ठिपके द्या. मग `Edit > Selection > Fit Circle` केलं की त्या ठिपक्यांमधून सगळ्यात जुळणारं वर्तुळ काढलं जातं. त्याचा व्यास छापून घ्यायला `Plugins > New > Macro` मध्ये एवढं लिहा. वर्तुळ जुळवण्याचं कामही यातच होतं, म्हणून ठिपके दिल्यावर थेट हे चालवलं तरी चालतं:

```
run("Fit Circle");
List.setMeasurements;
print(List.getValue("Width"));
```

आकडा मिमीमध्येच येतो, कारण स्केल आधी दिलेलं आहे. व्यासात डिस्कही धरलेली असते, ती वजा करायची नाही. अँपिसिलिनभोवती थर डिस्कला टेकून वाढलाय, तिथे झोन ‘शून्य’ नाही, ‘६’ लिहायचा.

वर्तुळ आलं की ते डिस्कच्या मध्यावर आहे का ते डोळ्याने बघा. झोन डिस्कपासून चहूकडे सारखा पसरतो, त्यामुळे दोघांचा मध्य एकच हवा. वर्तुळ एका बाजूला सरकलं असेल तर एकतर ठिपके चुकलेत किंवा अगार एका बाजूला जाड आहे. दोन झोन एकमेकांत थोडे घुसले असतील तर ठिपके फक्त मोकळ्या कमानीवर द्या, वर्तुळ बाकीचं सांभाळून घेतं. पण अर्ध्याहून अधिक कड गायब असेल तर आग्रह धरू नका. दोन डिस्कच्या मध्यांमध्ये निदान २४ मिमी अंतर ठेवायचं असतं ते याचसाठी.

कड नेमकी कुठे

ठिपका कुठे द्यायचा, यावर नवखी माणसं सगळ्यात जास्त अडतात. नियम असा: नुसत्या डोळ्यांना वाढ पूर्ण थांबलेली दिसते ती कड. म्हणजे काळ्या, स्वच्छ भागाकडून बाहेर येताना थर जिथे पहिल्यांदा दिसायला लागतो ती जागा. करड्या पट्ट्याचा मध्य नव्हे, आणि दाट थर सुरू होतो तिथलीही नव्हे. त्या करड्या पट्ट्याची रुंदी कधीकधी अर्धा मिलिमीटर असते आणि ती दोन्ही बाजूंना मोजली जाते, म्हणजे पुन्हा तोच एक मिलिमीटर.

कड दिसत नसेल तर डिस्कच्या मध्यापासून थरापर्यंत रेघ ओढून `Analyze > Plot Profile` करा. झोनमध्ये आलेख खाली सपाट चालतो, कडेला चढतो आणि थरात वर सपाट होतो. चढण जिथे सुरू होते तो पायथा ही आपली कड. एक खबरदारी: बरेच फोन फोटो आपणहून ‘शार्प’ करतात आणि त्यामुळे कडेलगत एक खोटी उजळ रेघ उमटते. आलेखात चढणीच्या माथ्यावर टोकदार उंचवटा दिसला तर तो जिवाणूंचा नाही, फोनचा आहे. आणि कड दिसावी म्हणून ब्राइटनेस किंवा कॉन्ट्रास्ट ताणत बसू नका. कर्सर सरकवावा तशी कड सरकते, आणि मनात असलेला आकडा मिळेपर्यंत माणूस तो सरकवत राहतो.

उलट, फोटो खूप मोठा करून बघण्याचाही तोटा आहे. झूम केल्यावर कडेला अगदी फिकट, टाचणीच्या टोकाएवढ्या वसाहती दिसू लागतात. भिंगातूनच दिसणारी ही वाढ धरायची नसते. तक्त्यातल्या रेषा नुसत्या डोळ्यांनी वाचलेल्या प्लेटसाठी ठरवल्या आहेत. म्हणून कड आधी अख्खी प्लेट पडद्यावर दिसत असताना ठरवा आणि झूम फक्त ठिपका नेमका ठेवायला वापरा.

दोन अपवाद हटकून भेटतात. कोट्रायमॉक्साझोलसारख्या सल्फा असलेल्या औषधांच्या झोनमध्ये आत पुसट धुकं राहतं, कारण औषधाचा परिणाम होईपर्यंत जिवाणू काही वेळा विभागलेले असतात. ते धुकं सोडून द्या आणि दाट वाढीची ठळक कड मोजा. दुसरा प्रोटियस. तो अगारवर लाटेसारखा पसरतो आणि झोनमध्ये पातळ पदर ओढतो. तो पदरही धरायचा नाही.

स्वच्छ झोनच्या आत सुट्या, ठसठशीत वसाहती दिसल्या तर मात्र त्या सोडून देऊ नका. एकतर नमुन्यात दुसराच जिवाणू मिसळलाय, किंवा याच जिवाणूतले काही त्या औषधाला दाद देत नाहीत. त्या वसाहती उचलून वेगळ्या वाढवायच्या आणि चाचणी पुन्हा लावायची. फोटोवर याचा निकाल लागत नाही.

आकड्यापासून निकालापर्यंत

आपल्या प्लेटचे आकडे असे आले: सिप्रोफ्लॉक्सासिन २५, जेंटामायसिन १९, अँपिसिलिन ६. आता नवख्याच्या डोळ्याला २५ चा झोन १९ पेक्षा मोठा दिसतो आणि सिप्रो जास्त चांगलं वाटतं. तक्ता बघितला की चित्र उलटं होतं. जेंटामायसिनला १८ किंवा जास्त असेल तर संवेदनशील, म्हणून १९ संवेदनशील. सिप्रोला २६ लागतात, म्हणून २५ मध्यम. झोनचा आकार औषध अगारमध्ये किती झपाट्याने पसरतं यावरही ठरतो, त्यामुळे दोन औषधांचे झोन एकमेकांशी ताडून बघण्यात अर्थ नाही. अँपिसिलिनची प्रतिरोधक रेषा १३ ची आहे. ६ वर चर्चाच नाही.

तक्ता कोणत्या वर्षाचा आहे, हेही लिहून ठेवा. सीएलएसआयने सिप्रोफ्लॉक्सासिनची रेषा २०१९ मध्ये बदलली. त्याआधी २१ मिमीला संवेदनशील म्हणत, म्हणजे आपला २५ चा झोन तेव्हा आरामात संवेदनशील ठरला असता. जेंटामायसिनची रेषा २०२३ मध्ये १५ वरून १८ वर गेली. भिंतीवर चिकटवलेला पिवळा पडलेला तक्ता वापरला तर मोजमाप अचूक असूनही निकाल चुकतो. युरोपच्या युकॅस्टचे तक्ते वेगळे आहेत. एका प्लेटला एकच तक्ता लावायचा. एक औषध इथून आणि दुसरं तिथून असं करायचं नाही.

आपली पद्धत खरी चालते की नाही हे पारखायला ई. कोलायचा प्रमाणित स्ट्रेन, एटीसीसी २५९२२, त्याच दिवशी त्याच अगारवर लावा. त्याच्यावर १० मायक्रोग्रॅम जेंटामायसिनचा झोन १९ ते २६ मिमीमध्ये यायला हवा. ही प्लेट त्याच स्टँडवर ठेवून फोटोवरून मोजा आणि कॅलिपरनेही मोजा. कॅलिपरचं माप १९ ते २६ च्या बाहेर गेलं तर चूक प्लेटमध्ये आहे: अगार, द्रावण, डिस्क किंवा उबवण. कॅलिपरचं आत बसतंय पण फोटोचं त्याच्यापेक्षा एक मिलिमीटरहून जास्त वेगळं येतंय, तर चूक फोटोत आहे. या दोन चुका एकत्र आल्या की एकीने दुसरी झाकली जाते, म्हणून दोन्ही मापं घ्यायची.

सगळं नीट केलं तरी फोटोवरचं माप एखाद्या मिलिमीटरने इकडेतिकडे होऊ शकतं, हे धरून चाला. जेंटामायसिनचा १९ चा आकडा एक मिलिमीटर खाली आला तरी १८ म्हणजे संवेदनशीलच राहतो. अँपिसिलिनला काही फरक पडत नाही. सिप्रोचा २५ मात्र रेषेच्या अगदी काठावर आहे. अशा आकड्यावर फोटोवरून सही करायची नाही. मी त्या प्लेटवर परत कॅलिपर लावला, दोन वेगवेगळ्या दिशांनी, आणि दुसऱ्या सहकाऱ्याला माझा आकडा न सांगता मोजायला दिलं. दोघांचंही २५ आलं. नोंदीत ‘२५ मिमी, मध्यम’ लिहिलं आणि शेजारी तक्त्याचं वर्ष. फोटो मूळ फाइलसकट जपून ठेवला, आणि त्यानंतरच प्लेट ऑटोक्लेव्हच्या पिशवीत गेली.